बुडालेल्या तासाचं दीड पान

दुसरी पाळी लागली की संध्याकाळचा वर्ग बुडतो. मग कुणीतरी रेकॉर्डिंगवरून आपोआप उतरलेला इंग्रजी मजकूर पाठवतं. दीड तासाचं बोलणं, दहा-बारा हजार शब्द, हजेरी आणि विनोदांसकट. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अशाच एका तासाचा मराठी सारांश मी एका सहकाऱ्यासाठी केला. विषय होता क्रिटिकल पाथ.

पहिली ठेच या नावालाच लागते. क्रिटिकल म्हणजे महत्त्वाचं असं धरून 'महत्त्वाच्या कामांचा मार्ग' लिहिलं की पुढचं सगळं फसतं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांच्या लोकांनी बसवलेल्या या रीतीत कामाच्या मानाला किंमत नाही, दिवसांना आहे. एकामागून एक करायच्या कामांची सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. शब्द तोच ठेवावा, कारण परीक्षेत आणि ऑफिसात तोच येणार. अर्थ तेवढा मराठीत सांगावा.

दुसरी अडचण फळ्याची. मजकुरात नुसतं 'हे झालं की ते, आणि तिकडून हे' एवढंच उतरतं. शिक्षकांचं बोट कुठे होतं ते कळायला मार्ग नाही. म्हणून मी आधी कागदावर चौकोन आणि बाण काढले. उदाहरण ऑफिसच्या नूतनीकरणाचं होतं: वायरिंग ८ दिवस, मग प्लास्टर ५, मग रंग ४. त्याच वेळी बाहेर फर्निचर तयार होतंय. रंग आणि फर्निचर दोन्ही झालं की जोडणी ३ दिवस.

मजकुरात फर्निचरला ३० दिवस होते, आणि थोडं पुढे शिक्षक म्हणतात, एकूण २० दिवस. दोन्ही खरं असूच शकत नाही. ३० अधिक ३ म्हणजे ३३ झाले असते. 'थर्टीन'चं 'थर्टी' झालं होतं, हे रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा ऐकल्यावर पक्कं झालं. असा आकडा डोळ्यांनी सापडत नाही, बेरजेनेच सापडतो.

१३ घातल्यावर चित्र जुळलं. वायरिंग, प्लास्टर, रंग मिळून १७, जोडणी धरून २०. फर्निचर १३ दिवसांत तयार, म्हणजे हाताशी ४ दिवस मोकळे. याला फ्लोट म्हणतात. सहकाऱ्याला मी असं लिहिलं: 'सुतार ४ दिवस उशिरा आला तरी चालेल, पाचव्या दिवशी अख्खं काम २१ दिवसांवर जाईल. रंगारी मात्र एक दिवसही चुकला तर लगेच २१.' इंग्रजी व्याख्येची चार वाक्यं मग लागलीच नाहीत.

हजेरी आणि विनोद गाळले. गृहपाठाची तारीख मात्र सर्वांत वर, ठळक लिहिली. मजकुरात ती शेवटून दुसऱ्या ओळीत होती.