आजीच्या चार्टमधले दोन खड्डे

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. आजचा विषय माझ्या घरातला आहे. म्हणजे माझी आज्जी, तिच्या दंडावर लावलेला शुगरचा सेन्सर आणि तो सेन्सर फोनवर काढत असलेली एक वाकडीतिकडी रेघ.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेरच्या पठार भागात आहे. आज्जीला बरीच वर्षं शुगर आहे. सकाळी दोन गोळ्या असतात, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी तिला चौदा दिवसांचा सेन्सर लावून दिला. मी सुट्टीला घरी होते, त्यामुळे फोन सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

आता आज्जी शाळेत गेलेली नाही, पण आकडे तिला पक्के येतात. रोज डेअरीची पावती हातात येते ना! फॅट किती, लिटर किती, हे ती चष्मा न लावता वाचते. म्हणून मी तिला फोन दाखवला आणि म्हटलं, "आज्जी, ही आडवी पट्टी म्हणजे दिवसाची वेळ. सकाळ इकडं, रात्र तिकडं. आणि उभी बाजू म्हणजे साखर. ७० ते १८० च्या मधे हा हिरवा पट्टा आहे, रेघ जितका वेळ त्यात राहील तितकं बरं."

ती म्हणाली, "म्हंजी विहिरीचं पाणी. किती पायऱ्या उघड्या पडल्या ते बघायचं." अगदी बरोबर. आणि विहिरीसारखंच, आत्ता पाणी किती आहे यापेक्षा ते चढतंय की उतरतंय हे जास्त कामाचं. त्यासाठी आकड्याशेजारी बाण असतो. ११० आणि आडवा बाण असेल तर निवांत. तेच ११० आणि बाण सरळ खाली असेल तर लक्ष ठेवायचं.

पहिला खड्डा

तिसऱ्या रात्री पावणेतीनला फोन ओरडायला लागला. आकडा होता ५२. ७० च्या खाली साखर कमी धरतात आणि ५४ च्या खाली गंभीर, एवढं मला माहीत होतं. मी धावत जाऊन आज्जीला उठवलं आणि साखरेचं पाणी पाजलं. ती म्हणत होती, "अगं, मला काही होत न्हाई." मी ऐकलंच नाही. सकाळी शुगर २१०.

दोन दिवसांनी पुन्हा तेच, रात्रीच, एकदम ५५. या वेळी आज्जी उठून बसली आणि म्हणाली, "पोरी, मी दोन्ही येळा ह्या अंगावर निजले व्हते. ते बटन दबलं आसंल." मी बोट टोचून साध्या मशीनवर तपासलं. ११८!

गंमत अशी की सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. त्याचा बारीक तंतू कातडीखाली असतो आणि तिथल्या पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. त्या दंडावर झोपलं की तिथली जागा दाबली जाते, द्रव आणि रक्त नीट फिरत नाही आणि आकडा खोटाच खाली येतो. आम्ही दोन्ही रात्रींची रेघ मोठी करून पाहिली. १२० च्या आसपास सपाट चाललेली रेघ अचानक कडा तुटावी तशी खाली गेलेली आणि थोड्या वेळाने तशीच सरळ वर आलेली. दुसऱ्या रात्री तर तिने कूस बदलल्यावर, काहीही न खाता, ती वर आली. पहिल्या रात्री मी पाजलेली साखर मात्र खरी होती, म्हणून सकाळी २१०.

दुसरा खड्डा

मग आली कार्तिकी एकादशी. आज्जीचा उपवास. तिने नेहमीसारख्या दोन्ही गोळ्या घेतल्या, नऊला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि कांद्यात खुरपायला गेली. साडेदहाला रेघ २३६ वर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यामुळे चढणारच. मी तेवढ्यावरच नाक मुरडत बसले होते.

पण खरी गोष्ट नंतर घडत होती. एक वाजता १४०, दोनला ११०, तीनला ८८ आणि बाण खाली. कुठेही कडा नाही, शेताच्या उतारासारखी रेघ हळूहळू खाली चाललेली. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते आणि तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत बसत नाही. दुपारची भाकरी नाही, त्यात उन्हातलं काम. पावणेचारला सेन्सर ६४. मी बांधावर पोचले तेव्हा तिला घाम फुटला होता आणि खुरपं धरलेला हात थरथरत होता. बोट टोचलं, ६१. हा खड्डा खरा होता.

तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली आणि पंधरा मिनिटं थांबलो. सेन्सर तेव्हाही ६६ च दाखवत होता. मी पुन्हा साखर कालवायला घेतली तर आज्जी म्हणाली, "आधी बोट टोच. मागल्या बारीला बी लई पाजलं व्हतं." टोचलं, तर ८४. साखर आधी रक्तात वाढते आणि त्या द्रवात पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. सेन्सर तेवढा मागे असतो. त्याच्यावर विसंबून साखर देत राहिलं तर तासाभराने उलटा डोंगर तयार होतो. मग तिला केळं आणि दूध दिलं, कारण नुसती साखर फार वेळ टिकत नाही.

मग ओळखायचं कसं?

आज्जीने तिच्या पद्धतीने लक्षात ठेवलंय: "कडा आसंल तर कूस बघ, उतार आसंल तर गोळी आन् जेवण बघ." पण मंडळी, रेघेचा आकार हा फक्त अंदाज आहे. रात्रीही साखर खरोखर कमी होऊ शकते आणि कधी वेगानेही पडते. म्हणून आकडा आणि माणूस जुळत नसतील तर बोट टोचायचं. घाम, थरथर, धडधड असेल आणि मशीन हाताशी नसेल, तर चार्ट काहीही म्हणो, आधी साखर द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन.

चौदा दिवसांनी आम्ही तो चार्ट डॉक्टरांकडे नेला. रात्रीच्या दोन खड्ड्यांशेजारी मी "दंडावर झोपली" आणि एकादशीच्या खड्ड्याशेजारी "उपवास, गोळी घेतली, खुरपणी" असं लिहून ठेवलं होतं. त्या नोंदी नसत्या तर तिन्ही खड्डे सारखेच दिसले असते आणि कदाचित रोजचीच गोळी कमी झाली असती. डॉक्टरांनी रोजचं तसंच ठेवलं आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते वेगळं लिहून दिलं. हे त्यांनी ठरवलं, आम्ही नाही. तुम्हीही मनाने गोळी बंद करू नका.

सेन्सर निघाला. आता आज्जी बोट टोचते आणि आकडे डेअरीच्या जुन्या वहीत लिहायला लावते, शेजारी काय खाल्लं तेही. काल फोनवर म्हणाली, "पुढची एकादशी हाय, आकडा इचारायला फोन कर." करणार आहे. तुमच्या घरी कुणाला सेन्सर असेल तर आज एवढंच विचारा: कुठल्या दंडावर आहे आणि झोपता कुठल्या कुशीवर?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!