आधी तारीख, मग पाऊस

मे महिना सरत आला की छत्री-रेनकोटवाल्या दुकानांचे मेसेज सुरू होतात. चित्रात काळे ढग आणि खाली ठरलेला मजकूर: ‘धो धो पाऊस, धो धो ऑफर! मान्सून सेल सुरू! ५०% पर्यंत सूट! त्वरा करा!’ उद्गारचिन्हं चार आहेत, माहिती मात्र जवळजवळ नाही. सेल कधी संपणार, सूट नेमकी कशावर, आणि ती वस्तू माझ्या काय कामाची, हे काहीच कळत नाही. असा मजकूर वाचून माणूस अंगठा वर सरकवतो आणि पुढच्या लग्नाचे फोटो बघू लागतो.

दुकानदाराची अडचण खरी आहे. रेनकोट ही गरज लागल्याशिवाय न आठवणारी वस्तू. भिजलेल्या माणसाला जाहिरात लागत नाही. तो समोर दिसेल त्या दुकानात शिरतो आणि सांगतील ती किंमत देतो. म्हणून सूट द्यायची ती पाऊस पडण्याआधी, कोरड्या माणसाला. आणि कोरड्या माणसाला ओलेपणाची आठवण करून द्यायचं काम त्या चार ओळींना करायचं असतं. उपयोग आणि तारीख एकत्र यायला हवेत ते यासाठी.

ऑफरची तारीख पावसाला बांधू नये. ‘पहिल्या पावसाची ऑफर’ कानाला गोड वाटते, पण पहिला पाऊस कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मेलाच. दोन वर्षांत जवळजवळ एका महिन्याचा फरक! मृगावर भरवसा ठेवून ७ जूनला माल लावणारे २०२५ मध्ये गाफील सापडले असणार. मग तारीख बांधायची कशाला? ज्या गोष्टी ठरल्या वेळी होतात त्यांना. नोकरदाराचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो आणि राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. या दोन टोकांमध्ये एखादा शनिवार-रविवार येतोच. विदर्भात शाळा उशिरा सुरू होतात, तर तिथल्या दुकानाने तारखाही पुढे न्याव्यात.

समजा, पुण्यात मंडईजवळ एक छोटं दुकान आहे. माल तीन प्रकारचा: दुचाकीवाल्यांसाठी जॅकेट-पँटचा सेट, पाठीवरच्या दप्तरासकट मावणारे मुलांचे रेनकोट आणि तीन घडीच्या छत्र्या. मालकाला वाटतं, सगळंच लिहावं. माझं मत उलट आहे. एका मजकुरात एकच वस्तू आणि तिचा एकच ग्राहक असावा. पुणं म्हणजे दुचाकी, म्हणून सेट घेऊ. आता हा सेट काय करतो, ते गाडीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने बघायचं. हँडल धरायला हात पुढे केला की बाही वर सरकते आणि मनगटातून पाणी शर्टात शिरतं. चेनच्या फटीतून पाणी उतरतं आणि बसल्यावर मांडीत साचतं. दुकानातल्या सेटला बाहीच्या टोकाशी आतून दुसरी इलॅस्टिकची पट्टी असेल आणि चेनवर झाकणपट्टी असेल, तर तेच लिहायचं. ‘उत्तम दर्जा’ हे शब्द कुणालाच कोरडं ठेवत नाहीत.

मजकूर असा होईल: ‘शनिवार ६ ते रविवार १४ जून २०२६: गाडीवर मनगट कोरडं ठेवणारा जॅकेट-पँट सेट, १,२०० ऐवजी ९६० रुपयांत. बाहीला आतून दुसरं इलॅस्टिक, चेनवर झाकणपट्टी, शिवणींवर आतून टेप. नेहमीच्या कपड्यांवरून घालून बघा. हात पुढे करून बाही वर सरकते का तेही बघा. सकाळी १० ते रात्री ९, मंडईच्या मागची गल्ली. घरी टीप: ओला सेट घडी करून डिकीत ठेवू नका, कोटिंग सुटतं.’

यात तारीख पहिल्या ओळीत आहे, ते मुद्दाम. इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात. बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. व्हॉट्सॲपचा स्टेटस चोवीस तासांत जातो, पण तोच मजकूर कुणी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की महिनाभर फिरत राहतो. ‘आजपासून तीन दिवस’ किंवा ‘या रविवारपर्यंत’ असं लिहिलं तर जुलैत ते वाचणारा दुकानात येऊन भांडतो, आणि त्याचंही काही चुकत नाही. म्हणून वार, तारीख आणि वर्ष तिन्ही लिहावेत. चित्रावरही तारीख छापावी, कारण लोक नुसतं चित्रही पुढे ढकलतात. टक्क्यांऐवजी रुपये लिहिले की गणित करायचा त्रास वाचतो: १,२०० वर २० टक्के म्हणजे २४० कमी, हे दुकानदाराने करून द्यावं.

‘पर्यंत’ हा शब्द तेवढा जपून. एकाच मोडक्या दांड्याच्या छत्रीवर ५० टक्के आणि बाकी सगळ्यावर १० टक्के असेल, तर ‘५०% पर्यंत’ ही पळवाट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्यात आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीचा स्वतंत्र विचार आहे: जाहिरातीतल्या भावात माल देण्याची वाजवी शक्यता हवी, आणि माल थोडाच असेल तर ते जाहिरातीतच स्पष्ट सांगायला हवं. सेट चाळीसच असतील तर ‘चाळीस सेट’ असं लिहावं.

तीच काळजी ‘१००% वॉटरप्रूफ’ या दाव्याची. कापडावर ग्लासभर पाणी ओतून दाखवायची पद्धत आहे. त्यातून सिद्ध होतं ते कापड. पाणी आत येतं ते सुईच्या भोकांतून, म्हणजे शिवणीतून. रेनकोट उलटा करा. खांदा, काख आणि पँटच्या बैठकीच्या शिवणींवर टेपची पट्टी सलग चिकटलेली दिसली तर ठीक. नसेल, किंवा कोपऱ्याशी उचकटलेली असेल, तर तो रेनकोट रिमझिमीत चालेल, तासभराच्या मुसळधारेत नाही. ज्या मालाला टेप नाही त्याला ‘हलक्या पावसासाठी’ असं सरळ लिहून कमी भावात विकता येतं. कॉलेजातली मुलं तोच घेतात.

छत्रीच्या मजकुरातही गुण नेमका सांगावा. आठ काड्या, फायबरच्या, वाऱ्यात उलटी झाली तरी परत सरळ करता येते: एवढं पुरे. पण समुद्रावरच्या वाऱ्यात कुठलीही तीन घडीची छत्री टिकते असं लिहू नये. तिला जागोजागी सांधे असतात आणि तीच तिची कमजोरी.

हंगामाच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात, उरलेला माल काढायचा असतो. तेव्हा ‘आता कशाला?’ हा ग्राहकाचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर परतीच्या पावसात आहे. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे गणपती उठल्यावरही छत्री लागतेच. मात्र या सेलमध्ये साइझ अपुरे असतात, तेव्हा कोणते उरलेत ते मजकुरातच सांगा. लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवू नका.

आणि १४ जूनला रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर आणखी एक काम करा: त्या पोस्टच्या पहिल्या ओळीच्याही आधी ‘ऑफर संपली’ हे दोन शब्द टाका.