बुडालेल्या दऱ्यांचे किनारे

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळला, पाणी चढले आणि किनाऱ्यालगतच्या दऱ्यांत शिरले. पण दरी कोणी कोरली होती, यावर किनाऱ्याचे रूप ठरले.

नदीने कोरलेली दरी बुडाली की ‘रिया’ तयार होते. हा शब्द स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातला. नदी समुद्राकडे उतरत जाते, म्हणून रिया मुखाशी सर्वांत खोल असते आणि आत जाताना उथळ होते. उपनद्यांच्या दऱ्याही बुडाल्याने तिला फाटे फुटलेले दिसतात. कोकणातल्या अनेक खाड्या याच जातीच्या, फक्त गाळाने बऱ्याच भरलेल्या.

फियोर्डचे गणित नेमके उलटे. नॉर्वेचा सोग्नेफियोर्ड आत सुमारे १,३०० मीटर खोल आहे, तर मुखाशी दोनशे मीटरही नाही. समुद्र १२० मीटरच चढला, मग एवढी खोली आली कुठून? नदी समुद्रपातळीच्या फारसे खाली कोरू शकत नाही. जाडजूड हिमनदी मात्र स्वतःच्या वजनाने तळ खरवडत जाते. मुखाशी ती पसरून पातळ झाली, तिचा जोर ओसरला आणि तिथे खडकाचा उंबरठा शिल्लक राहिला. काठ उभ्या कड्यांचे असले तरी फियोर्डची खात्रीची खूण हा उंबरठाच. काही फियोर्डांत त्याच्यामुळे तळाचे पाणी कोंडते आणि त्यातला प्राणवायू संपतो.

क्रोएशियाच्या दाल्मेशियात डोंगररांगा किनाऱ्याला समांतर आहेत. तिथे मधल्या दऱ्या बुडाल्या आणि रांगांचे माथे लांबट बेटे होऊन उरले.