न्यू जर्सी किती तास मागे?

मुलगी न्यू जर्सीत असलेल्या आईला हा प्रश्न विचारा. जुलैत विचारलात तर ती ‘साडेनऊ तास’ म्हणेल, जानेवारीत ‘साडेदहा’. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चुकतो तो एकच आकडा पाठ करून वर्षभर वापरणारा.

आपलं घड्याळ बारा महिने एकाच जागी असतं, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यू जर्सीचं हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे असतं. आपण पुढे साडेपाच, ते मागे पाच, म्हणून फरक साडेदहा. मार्चमध्ये तिथली घड्याळं एक तास पुढे सरकवतात, म्हणजे ती ग्रिनिचच्या चारच तास मागे राहतात आणि फरक साडेनऊवर येतो. आपल्याकडे काहीच बदललेलं नसतं, म्हणून तर लक्षात येत नाही.

सरकवायची तारीखही दरवर्षी वेगळी. अमेरिकेत २००७ पासूनचा नियम असा, की मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ पुढे करायचं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता मागे आणायचं. २०२६ साली हे रविवार आहेत ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. म्हणजे फरक काढण्याआधी विचारायचं एवढंच, की आपली तारीख या दोन रविवारांच्या मधली आहे की बाहेरची? मधली असेल तर साडेनऊ, बाहेरची असेल तर साडेदहा.

समजा, पुण्यातल्या एका मुलाची ऑनलाइन मुलाखत ५ नोव्हेंबर २०२६ रोजी न्यू जर्सीच्या सकाळी नऊला आहे. ऑक्टोबरच्या सवयीने तो साडेनऊ तास मिळवतो आणि संध्याकाळी साडेसहाला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो. पण १ नोव्हेंबर होऊन गेलेला आहे. मिळवायला हवे होते साडेदहा. मुलाखत साडेसातला आहे. बिचारा तासभर ताटकळतो, पण मुलाखत हातची जात नाही. हाच घोळ मार्चमध्ये झाला तर महागात पडतो. मुलाखत ११ मार्चला असती, तर जुन्या हिशेबाने तो साडेसातला बसला असता आणि तिकडची माणसं साडेसहालाच येऊन, वाट पाहून उठून गेली असती.

खुद्द बदलाच्या रविवारी तर गंमतच असते. १ नोव्हेंबरला न्यू जर्सीत पहाटेचा दीड दोनदा वाजतो. पहिल्यांदा वाजतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा, दुसऱ्यांदा वाजतो तेव्हा दुपारचे बारा. मार्चमधल्या रविवारी उलट, तिथे अडीच वाजतच नाहीत. दोनवरून काटा थेट तीनवर. त्या पहाटेची वेळ कुणी दिलीच, तर पुन्हा विचारून घेतलेलं बरं.

अमेरिकेत सगळीकडे मात्र हे चालत नाही. ॲरिझोनातलं फिनिक्स शहर घड्याळाला हात लावत नाही, त्यामुळे तिथला आणि आपला फरक बारमाही साडेबारा तासांचा. ब्रिटन बदलतं, पण त्याचे रविवार निराळे, मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच.

सिडनीला भाचा असेल तर हिशेब उलटा करावा लागतो. सिडनी आपल्या पूर्वेला, म्हणजे घड्याळाने आपल्या पुढेच आहे. तिथे काटा आणखी पुढे नेला की फरक कमी न होता वाढतो, साडेचारचा साडेपाच होतो. शिवाय तिथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, त्यामुळे वाढीव फरक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. थोडक्यात, पश्चिमेकडच्या गावाने घड्याळ पुढे केलं तर ते आपल्या जवळ येतं, पूर्वेकडच्याने केलं तर दूर जातं.

दर आठवड्याच्या बैठकीत मुख्य प्रश्न असतो तो वेळ कुणाच्या घड्याळाने ठरली हा. न्यू जर्सीच्या सकाळी नऊला ठरली असेल, तर हिवाळ्यात आपण साडेसातला बसू आणि उन्हाळ्यात साडेसहाला. आपल्या रात्री आठला ठरली असेल, तर हलायचं त्यांनी. हिवाळ्यात त्यांचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना म्हणूनच नुसता तासांचा फरक न टाकता ज्या गावाच्या घड्याळाने बैठक ठरली ते गाव निवडावं. न्यू जर्सीसाठी तिथे America/New_York असतं. गाव निवडलं की मार्च-नोव्हेंबरचे रविवार फोन स्वतः सांभाळतो.

अमेरिकी मंडळी बारा महिने ‘ईएसटी’ लिहितात, तेही जपून वाचा. नेमकेपणाने पाहिलं तर ती फक्त हिवाळ्यातली वेळ. जुलैच्या पत्रात ते दिसलं आणि तुम्ही अक्षरशः घेऊन साडेदहा मिळवले, तर तासभर उशिरा पोहोचाल. शंका आली तर ‘न्यूयॉर्कच्या घड्याळात तेव्हा किती वाजलेले असतील?’ एवढं विचारा, आणि तुम्ही निमंत्रण पाठवत असाल तर तारखेसकट दोन्ही गावांची वेळ लिहा.