सदाशिव माणूस की पेठ?

‘सदाशिव पेठेतून निघाला’ या वाक्यात सदाशिव नावाचा माणूस पेठेतून निघाला, की कुणी तरी सदाशिव पेठेतून निघाला? बातम्यांतली नावं हुडकणाऱ्या संगणकाला प्रत्येक शब्दावर ‘व्यक्ती’, ‘स्थळ’ किंवा ‘इतर’ अशी चिठ्ठी लावायची असते. इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांची खूण मराठीत नाही. जुनी पद्धत हिडन मार्कोव्ह मॉडेलची. ते असं मानतं की आधी चिठ्ठ्यांची न दिसणारी साखळी तयार होते आणि मग प्रत्येक चिठ्ठी आपला शब्द बाहेर टाकते. शेजारचा शब्द त्याला कळत नाही, हा आक्षेप मात्र चुकीचा आहे. साखळीतून तो कळतोच. अडचण वेगळी आहे. शिकवणीच्या मजकुरात फक्त ‘पेठेत’ आलं असेल, तर ‘पेठेतून’ हा त्याच्या लेखी सर्वस्वी नवा शब्द ठरतो. मग मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे करून तेही मोजावेत, असं कुणी म्हणेल. पण शब्द, त्याचं मूळ आणि त्याचा प्रत्यय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून गुणाकार केला, तर एकच साक्षीदार तीन नावांनी साक्ष देतो आणि मॉडेलला फाजील खात्री वाटू लागते.

लॅफर्टी, मॅकॅलम आणि परेरा यांनी २००१ मध्ये मांडलेलं कंडिशनल रँडम फील्ड शब्द कसे जन्मले हे सांगायच्या फंदातच पडत नाही. वाक्य समोर आहेच. कुठली चिठ्ठी-माळ त्याला शोभते, एवढंच ते विचारतं. त्यामुळे खुणा एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी चालतं, कारण त्यांची वजनं एकत्रच शिकली जातात. समजा, ‘सदाशिव’ला व्यक्ती म्हणून २ गुण आहेत, स्थळ म्हणून १, आणि पुढचा शब्द ‘पेठे’ने सुरू होतो म्हणून स्थळाला आणखी ३. बाकी सारं समान असेल, तर फरक २ गुणांचा, म्हणजे e² किंवा सुमारे ७.४ पट. या दोनच माळा धरल्या तर स्थळाची शक्यता ८८ टक्के होते. उरलेले १२ टक्के प्रामाणिक आहेत, कारण वाक्य खरोखरच द्व्यर्थी आहे. ‘-कर’ या शेवटाला आडनावाचं वजन मिळालं, तरी ‘लवकर’ आणि ‘भाकर’ या शब्दांची स्वतःची वजनं त्याला आवर घालतात.

या कथेत मुंबईच्या आयआयटीतल्या सुनीता सरावगी यांचं नाव फार कमी येतं, याची खंत वाटते. त्यांनी सहकाऱ्यांसह २००१ मध्येच हिडन मार्कोव्ह मॉडेलने पत्त्यांचे तुकडे पाडून दाखवले होते. पुढे २००४ मध्ये विल्यम कोहेन यांच्यासह त्यांनी कंडिशनल पद्धतच वाढवली आणि सुट्या शब्दाऐवजी सलग तुकड्याला गुण दिले. त्यामुळे ‘सदाशिव पेठ’ हे अख्खं नाव पेठांच्या यादीशी ताडून बघता येतं. जुनी पद्धत मात्र अडगळीत गेलेली नाही. तिची शिकवणी निव्वळ मोजणीवर होते, ती चिठ्ठ्या नसलेल्या मजकुरातूनही शिकू शकते आणि चिठ्ठ्या लावलेली वाक्यं थोडीच असतील तर कधी सरसही ठरते. कंडिशनल पद्धतीला माणसांनी चिठ्ठ्या लावलेली वाक्यं भरपूर लागतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये मराठीची अशी २५,००० वाक्यं खुली केली. त्यांवर आज न्यूरल मॉडेलं शिकवली जातात. त्यांना प्रत्ययांच्या खुणा हाताने लिहून द्याव्या लागत नाहीत, पण प्रत्येक शब्दाची चिठ्ठी सुटी ठरवली की तुकड्याचा मधलाच शब्द ‘इतर’ म्हणून निसटू शकतो. म्हणून त्यांच्या माथ्यावर अनेकदा कंडिशनल रँडम फील्डचाच थर चढवतात.