दहा ग्रॅम तांब्याचा हिशेब

तांब्याचा पत्रा हवेत तापवला की त्यावर काळा थर चढतो, पण खाली तांबडे तांबे शिल्लक राहते. असा अर्धवट भाजलेला तुकडा तोलला तर वजनातली वाढ दर खेपेला वेगळी भरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेर्तोले हा फ्रेंच रसायनज्ञ अशाच अनुभवांवर बोट ठेवून म्हणत होता, की मूलद्रव्ये हव्या त्या प्रमाणात एकत्र येऊ शकतात. त्याचाच देशबांधव प्रूस्त तेव्हा स्पेनमध्ये होता. तो म्हणे, हे संयुग नव्हे, मिसळण आहे.

प्रूस्तचे म्हणणे तपासायचे तर तांबे पूर्ण रूपांतरित व्हायला हवे. त्यासाठी 10 ग्रॅम तांबे नायट्रिक आम्लात विरघळवायचे, द्रावण आटवायचे आणि उरलेले मुशीत कडक तापवायचे. तपकिरी विषारी धूर निघतो, म्हणून हे काम धुराड्याखालीच. तापवणे, थंड करणे, तोलणे. वजन बदलायचे थांबले की काम झाले. काळी पूड साधारण 12.52 ग्रॅम भरते, म्हणजे ऑक्सिजन 2.52 ग्रॅम. तांबे 5 ग्रॅम घेतले तर ऑक्सिजन 1.26 ग्रॅम. हाच स्थिर प्रमाणाचा नियम. वजन कमी भरले, तर तांबे पुरते बदललेले नाही किंवा थोडे उडून गेले. जास्त भरले, तर नायट्रेट उरले आहे.

तांब्याचे एक लाल ऑक्साइडही असते. त्यात तांबे 88.8 टक्के, ऑक्सिजन 11.2 टक्के, काळ्यात 79.9 आणि 20.1. या टक्क्यांकडे कितीही पाहिले तरी काही हाती लागत नाही. प्रूस्तच्या काळात आकडे असेच शेकड्यात मांडत आणि नेमकी गोम त्यातच दडून राही. तांबे दोन्हीकडे 10 ग्रॅम धरा: लाल ऑक्साइडात ऑक्सिजन 1.26 ग्रॅम, काळ्यात 2.52. बरोबर दुप्पट!

मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने ही तुलना वायूंवर केली. दलदलीतून निघणारा मिथेन आणि एथिलीन यांत कार्बन सारखा धरला, तर मिथेनमध्ये हायड्रोजन दुप्पट निघतो. वाटेल ते न येता साधे पूर्णांकी गुणोत्तर का यावे? डाल्टनचे उत्तर असे, की पदार्थ अणूंचा बनलेला असतो, एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या वजनाचे असतात आणि संयोगात अर्धा अणू येऊच शकत नाही. 1808 साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले.

पण वजनांवरून अणूंची संख्या थेट कळत नाही. पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू आहे असे डाल्टनने गृहीत धरले आणि ऑक्सिजनचे अणुभार निम्म्याहून कमी, 7 असे लावले.

आणि बेर्तोले? तोही अगदीच चुकला नव्हता. लोहाच्या एका ऑक्साइडात ऑक्सिजनच्या 100 अणूंमागे लोहाचे अणू साधारण 95च असतात, तेही कमीजास्त होतात. अशा संयुगांना आज त्याच्याच नावावरून बेर्तोलाइड म्हणतात.