आपट्याला ‘चपटाआ’ करणारी भाषा

पनवेल-रोहा गाडीत दोघी मैत्रिणी शेजारी बसल्या आहेत आणि आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून एक दुसरीला सांगते, “चपणआ चपट्यालाआ चतरूउ.” ही आपली ‘च’ची भाषा, आणि वाक्य आहे ‘आपण आपट्याला उतरू’. नियम सोपा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि सुरुवातीला ‘च’ लावायचा. पिढ्यान् पिढ्या मुलं तो एकमेकांकडून शिकत आली आहेत.

हा नियम नेमकं काय उचलतो, ते बघण्यासारखं आहे. ‘आपटा’ आपण बोलताना ‘आप्-टा’ असा दोन तुकड्यांत म्हणतो. उच्चाराचा तुकडा हलवला असता, तर ‘चटाआप’ झालं असतं. मुलं मात्र ‘चपटाआ’ म्हणतात, म्हणजे एकटा ‘आ’ हलवतात. ‘घर’ तर उच्चारात एकच तुकडा, ‘घर्’. तरी त्याचं ‘चरघ’ होतं. लिहिताना असलेला पण बोलताना गळणारा ‘र’मधला ‘अ’ इथे ऐकू येऊ लागतो आणि शेवटी गेलेल्या ‘घ’चा ‘अ’ गळतो. उलटापालटीचं एकक कानाला ऐकू येणारा तुकडा नसून देवनागरीतलं अक्षर आहे.

फ्रेंच तरुणांच्या ‘व्हेरलां’मध्ये जवळपास हेच घडतं. ‘उलट’ या अर्थाच्या ‘लांव्हेर’ शब्दाचे दोन तुकडे उलटवून हे नाव तयार झालं. तिथे ‘फाम’ म्हणजे बाई. शब्द एकाच तुकड्याचा, उलटवायचा कसा? बोलणारे शेवटच्या ‘म’ला त्याचा गळालेला स्वर परत देतात, ‘फा-म’चं ‘म-फा’ करतात आणि शेवटचा ‘आ’ गाळतात. उरतं ‘मफ’. लंडनच्या फेरीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात स्पेलिंगच उलटं वाचलं आणि ‘बॉय’चा ‘यॉब’ झाला. प्रत्येक भाषा आपल्याकडे सुटा होणारा तुकडा उलटवते.

एवढ्याशा बदलाने ऐकणारा गोंधळतो, कारण ऐकताना शब्द पूर्ण होईपर्यंत आपण थांबत नाही. पहिला ध्वनी कानावर पडताच मेंदू त्या ध्वनीने सुरू होणारे शब्द जागे करतो आणि पुढच्या ध्वनींनुसार एकेक बाद करत जातो. सांकेतिक बोलण्यात ही सुरुवातच हिरावली जाते. मराठी मुलांनी तर सगळ्याच शब्दांच्या तोंडाशी ‘च’ बसवला आहे. त्यामुळे पहिल्या ध्वनीवरून काहीच ओळखता येत नाही, आणि चूक सुधारेपर्यंत बोलणारी पुढच्या शब्दावर गेलेली असते.

पण हे कुलूप कच्चं आहे. ‘मी’, ‘तू’, ‘ये’ या एकाक्षरी शब्दांत हलवायला काही नसतं. त्यांचं ‘चमी’, ‘चतू’, ‘चये’ होतं आणि गुपित इथेच फुटतं. लक्ष देऊन ऐकणारी आई ‘च’ काढून बघते, शेवटचं अक्षर पुढे आणते आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच तसं बोलू लागते.

एवढी कच्ची भाषा टिकते ती गुपिताखेरीज दुसरं एक काम करते म्हणून. आपल्यातला कोण आणि बाहेरचा कोण, हे ती ठरवते. भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे यांनी 1976मध्ये अशा बोलींना ‘प्रतिभाषा’ म्हटलं. मुख्य समाजाने बाजूला ठेवलेल्यांनी आपल्यापुरता उभारलेला समाज तिच्यात बोलतो. पॅरिसच्या उपनगरांतल्या मोठ्या वसाहतींत उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांची मुलं वाढली. घरी आईबापांची भाषा, शाळेत प्रमाण फ्रेंच, आणि दोन्हींत ती थोडी परकीच. व्हेरलां त्यांची स्वतःची झाली. ‘अराब’चा ‘बर’ झाला. तो शब्द वर्तमानपत्रांत आणि शब्दकोशात पोहोचला, तेव्हा मुलांनी तो पुन्हा उलटवून ‘रबू’ केला. गुपित फुटलं होतंच, पण शब्द सगळ्यांचा झाल्यावर त्यातला आपलेपणाही गेला होता. वेगवेगळ्या घरांतली तरुण मुलं रोज एकत्र येतात आणि मोठ्यांची नजरही सतत असते, अशा शहरात ही गरज जास्त भासते.

मग ‘च’ची भाषा कॉलेजात गेल्यावर का सुटते? फरक वापरात आहे. आपली मुलं वाक्यातला प्रत्येक शब्द फिरवतात. व्हेरलां बोलणारा एखाद-दुसराच शब्द फिरवतो आणि बाकी वाक्य साधं ठेवतो. अख्खं वाक्य फिरवायला सतत लक्ष द्यावं लागतं, म्हणून तो खेळ राहतो आणि खेळाचं वय संपलं की थांबतो. एकटा फिरवलेला शब्द मात्र ओठांवर रुळतो, उलटवल्याचं बोलणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही आणि त्याला स्वतःचा अर्थ चिकटतो. सांकेतिक खेळ बोलीत कधी मुरला, हे ओळखायची खूण हीच. एखादा शब्द साध्या वाक्यात एकटाच उलटा येऊ लागला आणि कुणी तो मनात सुलटा करून बघेनासं झालं, की तो भाषेचा झाला.